पन्नासच्या नोटा आणि चार सारखे ढीग

ताई, मी एक कथा लिहिते आहे. एसटी कंडक्टरची मुलगी, सारिका, बारावीत आहे आणि प्रवेशपरीक्षेची तयारी करते आहे. बसस्थानकावरच्या तिकीट खिडकीसमोरची रांग बघताना तिला अभ्यासातला एक नमुना दिसतो. मी तिथे फिबोनाची मालिका घातली होती. रांगेत आधी एक बाई, मग एक पुरुष, मग दोन बाया, तीन पुरुष, पाच बाया, अशी. दोघांना वाचायला दिली, दोघेही म्हणाले, "हे खरं वाटत नाही." शेवटी परीक्षेत तिला तोच प्रश्न येतो आणि तिची निवड होते. माझे वडील एसटीत वाहक होते, त्यामुळे ते जग मला माहीत आहे. गणित मात्र दहावीनंतर सुटलं. रांगेत खरोखर दिसू शकेल असा नमुना कोणता? आणि तो गोष्टीत कसा आणू?

नमस्कार.

तुमच्या दोन्ही वाचकांनी बरोबर बोट ठेवलं आहे. फिबोनाची मालिकेत पुढची संख्या आधीच्या दोन संख्यांच्या बेरजेतून येते. रांगेत येऊन उभा राहणारा माणूस पुढे किती बाया आहेत, किती पुरुष आहेत हे बघून येत नाही. त्यामुळे ती मालिका तिथे तयार व्हायला कारणच नाही. गणित न येणाऱ्या वाचकालाही हे कारण नसणं जाणवतं, फक्त त्याला ते शब्दांत सांगता येत नाही.

म्हणून आधी हे शोधू या की खिडकीपाशी आलेला माणूस मागच्या माणसासाठी काय ठेवून जातो. तुम्ही वाहकाच्या घरात वाढलात, उत्तर तुम्हाला माझ्याआधी सुचायला हवं: सुट्टे पैसे. भाडं पन्नास रुपये असेल आणि कुणी पन्नासची नोट दिली, तर गल्ल्यात एक पन्नास पडते. पुढच्याने शंभरची दिली, तर तीच पन्नास त्याच्याबरोबर निघून जाते. प्रत्येकाचं काम होणार की अडणार, हे त्याच्या पुढे उभे असलेले लोक ठरवतात. नमुना हवा तर तो इथे आहे.

आता जागा. ही गोष्ट नेहमीच्या बसमध्ये घडू शकत नाही, कारण तिथे वाहकाकडे तोडगा असतो. सुट्टे नसले की तो तिकिटाच्या मागे बाकी रक्कम लिहून देतो आणि पुढे कुठे सुट्टे जमले की प्रवाशाला शोधून देतो. फारच झालं तर उतरताना दोघा-तिघांना मिळून एक नोट देतो आणि "आपापसांत करून घ्या" म्हणतो. विनाथांबा-विनावाहक गाडीला हा तोडगा नाही. सातारा–स्वारगेटसारख्या मार्गांवर अशा गाड्या आहेत, तुम्ही त्यातून प्रवासही केला असेल. तिकीट देणारा वाहक स्थानकावरच्या खिडकीत बसतो आणि गाडी त्याच्याशिवाय सुटते. बाकी लिहून दिली तरी ती द्यायला तो पुढे भेटणार नाही. म्हणून प्रवाशाला ऐकावं लागतं, "जरा बाजूला थांबा." तुमच्या कथेतल्या वडिलांना या खिडकीत बसवा. तिकीट खिडकी आणि कंडक्टर एकत्र येतात ती खरी जागा हीच आहे, आणि सुट्ट्यांचा प्रश्न सगळ्यात जास्त टोचतो तीही हीच.

काळही ठरवून घ्या. मी २०१८चा उत्तरार्ध निवडेन. पन्नासची हंपीच्या रथाची नवी नोट २०१७मध्ये आली होती आणि शंभरची जांभळट, राणी की वावची, २०१८च्या जुलैत. गल्ल्यात जुन्या-नव्या नोटा मिसळलेल्या असतात आणि मुलीच्या नजरेला रंग मिळतो. २०१६च्या नोटाबंदीत कथा नेऊ नका, तो प्रसंग इतका मोठा आहे की मुलगी त्यात दिसेनाशी होईल. आजच्या काळात ठेवायची असेल तर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतील. १७ मार्च २०२३पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे रांगेत दोन वेगवेगळी भाडी येतात. आणि मोबाइलवरून पैसे देणारा माणूस गल्ल्यात नोट ठेवतही नाही आणि नेतही नाही, म्हणजे आपल्या हिशेबापुरता तो रांगेत नसतोच.

आता खुद्द नमुना. सावकाश वाचा, हवं तर कागद घेऊन बसा.

भाडं पन्नास रुपये. रांगेत सहा जण. तिघांकडे पन्नासची नोट, तिघांकडे शंभरची. गल्ला सुरुवातीला रिकामा. पन्नासवाल्याला 'प' म्हणू आणि शंभरवाल्याला 'श'. हे सहा जण कोणत्याही क्रमाने उभे राहू शकतात आणि असे क्रम एकूण वीस आहेत. बारावीच्या मुलीला हा आकडा चुटकीसरशी येईल. पर्म्युटेशन-कॉम्बिनेशनमध्ये सहा जागांतून तीन निवडायच्या, इतकंच ते आहे.

ज्या 'श'ला येताक्षणी सुट्टे मिळत नाहीत तो बाजूला थांबतो. पुढची पन्नास आली की आधी थांबलेल्याचं देणं भागतं, मग गल्ल्यात शिल्लक पडते. प्रश्न असा की एका रांगेत किती जणांना बाजूला थांबावं लागेल? कमीत कमी कुणालाच नाही, जास्तीत जास्त तिघांना.

तुम्हाला काय वाटतं, कोणता आकडा जास्त वेळा येत असेल? बहुतेक जण म्हणतात, एक किंवा दोन. मधले आकडे नेहमीचे, टोकाचे दुर्मीळ. दहा नाणी उडवली की पाचाच्या आसपास छापे पडतात, हे आपल्या मनात बसलेलं असतं. इथे तसं होत नाही. वीस क्रम मांडून मोजले तर पाच क्रमांत कुणीच थांबत नाही, पाच क्रमांत एक जण थांबतो, पाच क्रमांत दोघे आणि पाच क्रमांत तिघेही. चार ढीग, चारही सारखे.

हे सहा जणांपुरतं नाही. चार जणांच्या रांगेत, दोन 'प' आणि दोन 'श', सहा क्रम होतात आणि दोन-दोनाचे तीन ढीग पडतात. आठ जणांच्या रांगेत सत्तर क्रम आणि चौदा-चौदाचे पाच ढीग. २, ५, १४ या संख्यांना बेल्जियन गणितज्ञ कॅटलान यांच्या नावाने ओळखतात. ढीग नेहमी सारखेच पडतात हे विधान काय लाय चुंग आणि विल्यम फेलर यांच्या नावाने प्रसिद्ध आहे, त्यांचा लेख १९४९चा. ही नावं कथेत आणू नका. ती फक्त तुमच्या खात्रीसाठी सांगितली, म्हणजे आपण खोटं काही लिहीत नाही एवढा भरवसा लेखणीला राहील.

मला हा नमुना तुमच्या कथेसाठी इतका योग्य का वाटतो ते सांगते. तुमच्या वडिलांना एकदा विचारा, "सुट्ट्यांवाचून रोज किती जण अडायचे?" ते बहुधा असं काहीतरी म्हणतील की कधी कुणीच अडत नाही, कधी सगळेच अडतात, काही अंदाज लागत नाही. आपण हे वाक्य थकलेल्या माणसाचं समजून सोडून देतो. पण चार सारख्या ढिगांचा अर्थ नेमका तोच आहे: कोणताही आकडा दुसऱ्यापेक्षा जास्त संभवत नाही. वडील जे वर्षानुवर्षं म्हणत आले, ते मुलीला ढिगांत दिसतं. ती वडिलांचं चुकलेलं काही दुरुस्त करत नाही. त्यांचं वाक्य अक्षरशः खरं आहे, हे तिला कळतं. या जागी तुमच्या कथेला पोटातलं काहीतरी मिळतं, जे फिबोनाचीने कधीच मिळालं नसतं.

एक गोष्ट मात्र कथेत उलटी फिरवावी लागेल. खऱ्या रांगेकडे बघून हा नमुना 'दिसत' नाही. एका दुपारी पंचवीस गाड्यांच्या रांगा पाहिल्या तरी प्रत्येक रांग वेगळ्या लांबीची असणार, नोटा कमी-जास्त असणार, आणि जमलेल्या आकड्यांतून काहीही सिद्ध होणार नाही. रांग तिला फक्त प्रश्न देते. नमुना सापडतो घरी, फरशीवर, मांडणी करताना. तिला रांगेत एकदम साक्षात्कार झाला असं लिहिलंत तर तुमचे तेच दोन वाचक पुन्हा अडतील.

मांडणी कशाने करायची? घरात वापरलेली तिकिटं सापडतीलच. यंत्रातून निघालेल्या तिकिटाला एक छापील बाजू असते आणि एक मागची. छापील बाजू वर असली की 'प', मागची बाजू वर असली की 'श'. आणि मागच्या बाजूवर तर वाहक बाकी लिहितो, म्हणजे ती बाजू 'देणं आहे' असं आधीपासूनच सांगते. मुलगी सहा तिकिटांची एक ओळ लावते, थांबणारे मोजते, तो क्रम कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून त्या आकड्याच्या ढिगात टाकते. वीस ओळी होईपर्यंत. कुणीच न थांबणारे क्रम असे निघतात: पपपशशश, पपशपशश, पपशशपश, पशपपशश, पशपशपश. कथेत पाचही लिहू नका, एखादा पुरे.

ढीग सारखे दिसले म्हणजे काम झालं नाही. तिने विचारायला हवं, का? या 'का'साठीच मी तिची परीक्षा बदलायला सांगणार आहे. नुसते पर्याय असलेल्या परीक्षेत 'एक चतुर्थांश' या उत्तरासमोर गोल काळा केला की संपलं. तिला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या पदवी प्रवेशपरीक्षेची तयारी करू द्या. तिथे एक पेपर पर्यायांचा असतो आणि दुसऱ्यात उत्तर कारणांसह लिहून दाखवावं लागतं. अशा परीक्षांच्या सरावात तिकीट खिडकीपुढच्या पन्नास-शंभरच्या रांगेचं उदाहरण भेटतंच. पण त्यात विचारतात एवढंच की कुणालाही थांबावं न लागण्याची शक्यता किती. म्हणजे एका ढिगाचं उत्तर पुस्तकात आहे. उरलेले तीन ढीग तिचे स्वतःचे.

पुस्तकातली युक्ती तिकिटांवर फार सुंदर दिसते. ज्या ओळीत कुणीतरी थांबतं अशी एक ओळ घ्या, समजा प श श प श प. डावीकडून येताना पहिल्यांदा अडतो तो तिसरा माणूस. त्याच्यासकट त्याच्यापर्यंतची तिकिटं उलटी करा. प श श चं श प प झालं, पुढची तीन तशीच राहिली. आता ओळ आहे श प प प श प. मोजा: चार 'प', दोन 'श'. कोणतीही अडणारी ओळ घेऊन असं केलं तरी चार आणि दोनच उरतात, कारण पहिला अडणारा येतो तेव्हा तोवरच्या रांगेत 'श' एकाने जास्त असतात, आणि उलटल्यावर ते एकाने कमी होतात. उलट दिशेनेही जाता येतं. चार 'प' आणि दोन 'श'ची कोणतीही ओळ घ्या, डावीकडून जिथे 'प' पहिल्यांदा पुढे जातात तिथपर्यंत उलटा, आणि एक अडणारी ओळ परत मिळते. म्हणजे अडणाऱ्या ओळी जितक्या, तितक्याच चार-दोनच्या ओळी. त्या पंधरा. विसांतून पंधरा गेल्या, पाच उरल्या. पहिला ढीग पाचचा का, ते कळलं.

दुसरी युक्ती तिची स्वतःची असू द्या. पुरी ओळच उलटी केली तर काय होतं? ज्या ओळीत कुणीच थांबत नव्हतं तिच्यात आता तिघेही थांबतात. जिच्यात एक थांबत होता तिच्यात दोघे थांबतात. म्हणजे शून्याचा आणि तिनाचा ढीग सारखा, एकाचा आणि दोनाचा ढीग सारखा. शून्याचा ढीग पाचचा आहे हे आधीच माहीत आहे, म्हणून तिनाचाही पाच. विसांतले दहा उरले, ते एक आणि दोन या ढिगांत अर्धे-अर्धे. पाच आणि पाच. सहा जणांच्या रांगेचं तिचं कारण पूर्ण झालं, आणि ते चोख आहे.

मग ती आठ जण घेते, आणि तिथे तिची युक्ती अपुरी पडते. पहिल्या ढिगात चौदा, शेवटच्यात चौदा. सत्तरातून अठ्ठावीस गेले की बेचाळीस उरतात आणि ढीग तीन. पुरी ओळ उलटून एवढंच कळतं की एकाचा आणि तिनाचा ढीग सारखा. मधला दोनाचा किती, ते या वाटेने कळत नाही. मोजलं तर चौदाच निघतात, पण का ते तिला सांगता येत नाही. कथेत ही जागा गाळू नका. अभ्यास करणाऱ्या मुलीला रात्री जागवणारी गोष्ट हीच असते: आकडा समोर आहे आणि कारण नाही.

आता वडिलांकडे परत या, कारण नमुना मुलीच्या वहीतच राहिला तर कथा अर्धी राहील. वीस जणांची रांग घ्या, दहा 'प' आणि दहा 'श'. गल्ला रिकामा असेल तर कुणीही न अडता रांग सरकण्याची शक्यता अकरात एक, म्हणजे जवळजवळ रोज कुणीतरी अडणारच. आता गल्ल्यात सुरुवातीला पन्नासच्या किती नोटा असाव्यात? सगळ्या दहा शंभरवाल्यांसाठी दहा, असं कुणीही म्हणेल. पण फक्त चार असल्या तरी कुणी अडण्याची शक्यता शंभरात आठाच्या आसपास येते. आणि रांग दुप्पट, चाळीस जणांची झाली तर? आठ नोटा नकोत, सहा पुरतात, शक्यता जवळपास तेवढीच राहते. हेही त्याच उलटण्याच्या युक्तीतून निघतं. सारिकाला ते काढता येईल, तुम्ही फक्त निकाल लिहा.

इथे तुम्हाला घरातलं ज्ञान उपयोगी पडेल. मुलगी सकाळी वडिलांच्या खिशात पन्नासच्या चार नोटा घालते, हा प्रसंग लिहावासा वाटेल. पण वाहकाला ड्युटीवर जाताना स्वतःजवळची रोकड नोंदवावी लागते, आणि तपासणीत हिशेबापेक्षा जास्त पैसे सापडले तर त्याच्यावरच संशय येतो. मुलीने न सांगता प्रेमाने घातलेल्या दोनशे रुपयांनी वडील अडचणीत येऊ शकतात. वाहकांच्या घरांना हे माहीत असतं, बाकीच्या वाचकांना नसतं. म्हणून तिला नोटा घालू देऊ नका, बदलू द्या. वडिलांनी नोंदवायला काढून ठेवलेल्या शंभरच्या दोन नोटा ती घेते आणि पन्नासच्या चार ठेवते. रक्कम तीच, नोंद तीच. मी तो प्रसंग साधारण असा लिहीन:

"पप्पा, तुमच्या दोन नोटा मी घेतल्यात. त्याच्या चार ठेवल्यात."

वडिलांनी पाकीट उघडून पाहिलं. "चारानं काय होतंय? खिडकीला माणसं केवढी असत्यात."

"वीसाची रांग असली तर बऱ्याचदा होतंय."

"आणि नाही झालं तर?"

"नाही झालं तर कितीजण थांबतील ते सांगता येत नाही. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे."

"मी काय म्हणतो?"

"अंदाज लागत नाही म्हणता ना. खरंच लागत नाही. मी सहा माणसांचं तिकिटांवर मांडून बघितलं."

वडिलांनी बिल्ला लावला, वेबिलाचा कागद घडी करून खिशात घातला. "मग एवढं मांडून काय कळलं?"

"हेच."

बोलीचा सूर तुमच्या घरचा घ्या, माझा नको. माझं म्हणणं इतकंच की संवादात 'शक्यता', 'क्रम', 'सिद्धता' असे शब्द येऊ देऊ नका. ती वडिलांशी नोटांच्या आणि माणसांच्या भाषेत बोलेल.

आणखी एक प्रसंग मी जरूर घालेन: चार नोटा असूनही रांग अडते तो. शंभरात आठ वेळा नशिबाने अडते, पण त्याहून जास्त वेळा अडते ती आपण धरलेल्या गोष्टी खऱ्या नसल्यामुळे. आपण धरलं की पन्नासवाले आणि शंभरवाले सारखे आणि कुठल्याही क्रमाने मिसळलेले. खऱ्या स्थानकावर पहिल्या गाडीला बहुतेक जण मोठी नोट घेऊन येतात. पगार झाला की एटीएममधून पाचशेच्या नोटा निघतात. पाच जणांचं कुटुंब एकाच हाताने पैसे देतं. रांगेतच कुणीतरी मागे वळून "पन्नास आहेत का हो?" विचारतो आणि खिडकीपाशी येण्याआधीच प्रश्न मिटतो. भाडं तर असं गोल नसतंच, वरचे पाच-सात रुपये असतात आणि सगळी भांडणं त्या पाच-सात रुपयांवरून होतात. कुठे बिनसलं हे ओळखायची खूणही सोपी आहे. सकाळच्या रांगेत ओळीने पाच-सहा शंभरवाले वारंवार येऊ लागले तर मिसळण सारखी नाही, आणि मग चारांचा हिशेब सकाळपुरता सोडून द्यायचा. हे बाबा तिला सांगू शकतात: "सकाळच्या पहिल्या गाडीला तुझं हे चालायचं नाही." आणि ते बरोबर असतील. मुलीला गणित येतं, पण रांग कशी बनते हे वडिलांना माहीत आहे. दोघांच्या ज्ञानाची हद्द अशी एकमेकींना लागलेली दाखवलीत तर वडील केवळ गरीब, कष्टाळू वडील उरणार नाहीत. कंडक्टर बाप आणि हुशार मुलगी या जोडीत तोच धोका सगळ्यात मोठा असतो.

शेवटाबद्दल. परीक्षेत तोच प्रश्न येणं मी काढून टाकेन. तो आला तर वाचकाला वाटेल की ढीग, तिकिटं, वडिलांचं वाक्य हे सगळं गुणांसाठी होतं. शिवाय पन्नास-शंभरचा प्रश्न सरावाच्या पुस्तकांत इतका परिचयाचा आहे की तो सुटल्याने तिची निवड झाली हे पटणार नाही, तो इतर अनेकांनाही सुटला असता. परीक्षा कथेत राहू द्या, पण बाजूला. हॉलतिकीट आलं आहे, केंद्र दूरच्या शहरात आहे, जायला याच खिडकीवरून तिकीट काढायचं आहे, इतकं पुरे. निवड झाली की नाही हे सांगायची गरज मला वाटत नाही.

मी कथा आठ जणांच्या ढिगांपाशी थांबवेन. वडिलांच्या वाक्याचा उलगडा झाला आहे, चार नोटांचं काम खिडकीवर झालं आहे आणि एकदा फसलंही आहे. तिच्याकडे आता चौदाचे पाच ढीग आहेत, चार कोपऱ्यांना चार आणि मधला एक, ज्याचं कारण तिला सापडलेलं नाही. ते कारण अस्तित्वात आहे आणि तिच्या आवाक्यातलं आहे. एका ढिगातली ओळ ठराविक ठिकाणी तोडून तुकड्यांची जागा बदलली की ती शेजारच्या ढिगातली ओळ होते, असा रस्ता आहे. हवं तर शेवटच्या परिच्छेदात तिला एक ओळ मधून तोडून तुकडे इकडचे तिकडे करताना दाखवा. पुढे काय झालं ते लिहू नका.

लिहिण्याआधी एक काम मात्र करा. सहा तिकिटं, नाहीतर सहा कागद घ्या आणि वीसच्या वीस ओळी स्वतःच्या हाताने लावा. तासाभराचं काम आहे आणि दहावीचं गणित त्याला पुरतं. सातव्या-आठव्या ओळीनंतर तुम्हाला वाटू लागेल की मधले ढीग मोठे होणार, मग पुढच्या ओळी भलत्याच ढिगांत पडू लागतील. ती चलबिचल तुमच्या बोटांना कळली की सारिकाच्या बोटांत ती आपोआप उतरेल. मांडताना वडील घरी असतील तर त्यांना समोर बसवा. ढीग वाढताना त्यांच्या तोंडून जे निघेल ते लगेच लिहून ठेवा. कथेचा पुढचा खर्डा मला पाठवलात तर मी आनंदाने वाचेन.